सॉफ्टवेअर कंपनीकडून चुकीच्या कराचं बिल आलं तर: नवं बिल मागणारा मेल कसा लिहावा

सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, बिल आलं, आणि त्यावर आपला जीएसटी नंबरच नाही असं लक्षात आलं, की बहुतेक फ्रीलान्सर एका ओळीचा मेल पाठवतात: ‘कृपया माझा जीएसटी नंबर टाकून बिल पुन्हा पाठवा.’ दोन-तीन दिवसांत नवी पीडीएफ येते. नंबर छापलेला असतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पुढच्या महिन्यात रिटर्न भरताना मात्र सीए सांगतात की या बिलाचं क्रेडिट मिळणार नाही, म्हणजे त्यावर भरलेला कर आपल्या देय करातून वजा होणार नाही.

कंपनीने पीडीएफ बदलली, पण सरकारकडे भरलेल्या रिटर्नमधली नोंद बदलली नाही, म्हणून असं होतं. इनपुट क्रेडिटसाठी हातात बिल असणं ही एक अट झाली. जीएसटी कायद्याच्या कलम १६ ची दुसरी अट अशी, की विक्रेत्याने ते बिल आपल्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, तुमच्या नंबरावर दाखवलेलं हवं आणि ते पोर्टलवर तुमच्यासाठी तयार होणाऱ्या क्रेडिटच्या तक्त्यात, म्हणजे जीएसटीआर-२बी मध्ये, उतरलेलं हवं. म्हणून मेलमध्ये कागदाच्या दुरुस्तीबरोबर रिटर्नमधल्या दुरुस्तीचीही मागणी करावी लागते, आणि तीही हिशेब विभागातल्या माणसाला लगेच कृती करता येईल अशा शब्दांत.

एक उदाहरण घेऊन हे पाहू. समजा, जुळे सोलापुरात राहणारी एक डिझायनर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादर कारखान्यांना जॅकार्डची डिझाइन्स करून देते. तिची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली आहे. ८ जानेवारी २०२६ ला तिने बंगळूरच्या एका कंपनीकडून डिझाइन सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स घेतलं. मूळ किंमत २४,००० रुपये, १८ टक्के कर ४,३२०, एकूण २८,३२० रुपये. ऑनलाइन खरेदी करताना जीएसटी नंबरचा रकाना ऐच्छिक होता, तो रिकामा राहिला. बिलावर तिचं नाव आणि सोलापूरचा पत्ता आहे, जीएसटी नंबर नाही, आणि कर लावला आहे तो सीजीएसटी २,१६० आणि एसजीएसटी २,१६० असा.

आधी बिलात नेमकं काय चुकलं ते ठरवा

या बिलात दोन चुका आहेत आणि दुसरी सहसा नजरेतून सुटते. पहिली उघड आहे: घेणाऱ्याचा जीएसटी नंबर नाही. नोंदणी असलेल्या ग्राहकाच्या बिलावर त्याचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर हवा, असं नियम ४६ सांगतो.

दुसरी चूक कराच्या प्रकारात आहे. कंपनी कर्नाटकातली, ग्राहक महाराष्ट्रातला. अशा विक्रीवर आयजीएसटी लागतो. सीजीएसटी-एसजीएसटी लावला याचा अर्थ कंपनीच्या सिस्टीमने पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक धरलं. मग हा एसजीएसटी कर्नाटक सरकारच्या खात्यात गेला, आणि कर्नाटकचा एसजीएसटी महाराष्ट्रातल्या नोंदणीवर क्रेडिट म्हणून कधीच घेता येत नाही. त्या बिलातला सीजीएसटीसुद्धा घेता येत नाही. म्हणजे नुसता नंबर टाकून मिळाला आणि कराचा प्रकार तसाच राहिला, तर ४,३२० रुपयांपैकी एकही रुपया तिच्या कामाचा नाही.

इथे एक मुद्दा तिच्या बाजूचा आहे आणि तो मेलमध्ये यायला हवा. आयजीएसटी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ग्राहकाची नोंदणी असेल तर पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ग्राहकाचं ठिकाण. नोंदणी नसली तरी त्याचा पत्ता विक्रेत्याकडे नोंदलेला असेल तर ठिकाण तोच पत्ता. म्हणजे जीएसटी नंबर दिला नव्हता हे मान्य केलं, तरी कंपनीच्या स्वतःच्या बिलावर सोलापूरचा पत्ता छापलेला असताना कर्नाटकचा कर लावणं चूकच होतं. ‘तुम्ही खरेदीच्या वेळी नंबर दिला नाही, आता काही करता येणार नाही’ हे उत्तर हमखास येतं, आणि त्याला हाच मुद्दा पुरेसा ठरतो.

मेल लिहिण्याआधी स्वतःकडच्या दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. पहिली म्हणजे नोंदणी कोणत्या तारखेपासून लागू आहे. खरेदी त्याआधीची असेल तर कंपनीला नंबर टाकायला सांगू नका. तेव्हा तुम्ही नोंदणीकृत नव्हता, आणि नोंदणीआधी घेतलेल्या सेवेचं क्रेडिट मिळत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तरीही क्रेडिट नाही, मग ही सगळी खटपट कशाला?

दुसरी म्हणजे जीएसटी पोर्टलवर स्वतःचा नंबर शोधून तिथे दिसणारं कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव आणि पत्ता जसाच्या तसा उतरवून घ्या. एकट्याने धंदा करणाऱ्याचं कायदेशीर नाव पॅनवरचं असतं, स्टुडिओचं नाव निराळं असतं. कंपनीला दोन्ही द्या, म्हणजे बिल कुणाच्या नावे हा प्रश्न परत येणार नाही. नंबर टाइप करू नका, कॉपी करा. पंधरा अक्षरी नंबरात पहिली दोन अक्षरं राज्याची (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९), पुढची दहा पॅनची, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेलं तपासणीचं. शून्याच्या जागी इंग्रजी ओ गेला तर कंपनीची सिस्टीम नंबर नाकारते आणि मेल पुन्हा तुमच्याकडे परत येतो.

कंपनीला नेमकं काय करायला सांगायचं

मेलचा सगळा भार या मागणीवर आहे. ती कशी करायची हे एकाच प्रश्नावर ठरतं: त्या महिन्याचा जीएसटीआर-१ कंपनीने भरला आहे का? दरमहा भरणाऱ्यांसाठी त्याची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते. जानेवारीच्या बिलाची चूक जानेवारीतच ध्यानात आली, तर काम सोपं आहे. कंपनी जुनं बिल रद्द करून नवं काढते आणि रिटर्नमध्ये नवंच दाखवते.

आपल्या डिझायनरच्या हे लक्षात आलं १६ फेब्रुवारीला. जानेवारीचा २बी १४ फेब्रुवारीला तयार झाला आणि त्यात हे बिल नव्हतं. एव्हाना कंपनीचा जानेवारीचा रिटर्न भरून झाला होता, आणि त्यात ही विक्री नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या एकत्रित आकड्यात, कर्नाटकातली विक्री म्हणून गेली होती. त्या एकत्रित आकड्यात तिचं नाव कुठेच नसतं, त्यामुळे तिथे नुसता जीएसटी नंबर जोडण्याची सोय नाही.

आता सरळ मार्ग असा: जुन्या बिलाविरुद्ध पूर्ण २८,३२० रुपयांची क्रेडिट नोट, आणि तिच्या जीएसटी नंबरावर आयजीएसटी लावलेलं, नव्या क्रमांकाचं, नव्या तारखेचं बिल. जुन्या बिलात जो सीजीएसटी-एसजीएसटी लागायलाच नको होता तो लागला, त्यामुळे कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढायला कंपनीला आधारही आहे. क्रेडिट नोटेने कंपनीची कर्नाटकातली देणी तेवढी कमी होतात आणि नव्या बिलावर ४,३२० रुपये आयजीएसटी भरला जातो. करात कंपनीचं नुकसान होत नाही, तिचं काम तेवढं वाढतं. हे हिशेब विभागाला समजत असतं, पण मेल आधी वाचणाऱ्या सपोर्टच्या माणसाला समजत असेलच असं नाही. म्हणून मागणी स्पष्ट लिहायची.

‘सुधारित बिल द्या’ एवढंच लिहू नका. कायद्यात सुधारित बिलाची तरतूद आहे ती नव्याने नोंदणी झालेल्या विक्रेत्यांसाठी, नोंदणी लागू झाल्यापासून प्रमाणपत्र मिळेपर्यंतच्या काळातल्या बिलांकरिता. ती इथे लागू नाही. असं मोघम लिहिलं की कंपनी त्याच क्रमांकाची, त्याच तारखेची पीडीएफ बदलून पाठवण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याला तेच टाळायचं आहे.

पैशांबद्दलही एक वाक्य हवंच. क्रेडिट नोट म्हटलं की सपोर्टवाले परतावा समजतात, रक्कम कार्डावर परत पाठवतात आणि लायसन्स बंद पडतं. ऐन ऑर्डरीच्या दिवसांत सॉफ्टवेअर बंद पडणं कुठल्याच डिझायनरला परवडत नाही. म्हणून जुनी भरलेली रक्कमच नव्या बिलापोटी वळती करा आणि लायसन्स चालू ठेवा, असं आधीच सांगा.

मेल

मेल बिलिंग किंवा हिशेब विभागाच्या पत्त्यावर पाठवा. असा पत्ता बहुधा बिलाच्या तळाशी असतो. चॅटवर फक्त तक्रार क्रमांक घ्या आणि तो विषयात घाला. जुन्या बिलाची पीडीएफ आणि जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राचं पहिलं पान जोडा. समोरची माणसं मराठी वाचणारी नसतील तर मेल इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा.

> विषय: बिल क्र. BLR/25-26/04417, दि. ८ जानेवारी २०२६: क्रेडिट नोट आणि आयजीएसटीसह नवं बिल मिळण्याबाबत
>
> नमस्कार,
>
> मी आपल्या डिझाइन सॉफ्टवेअरचं वार्षिक लायसन्स घेतलं असून वरील बिलाचे २८,३२० रुपये पूर्ण भरले आहेत. बिल सोबत जोडलं आहे. त्यात दोन दुरुस्त्या हव्या आहेत.
>
> पहिली: माझी जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली असून ती खरेदीच्या तारखेआधीपासून लागू आहे. खरेदीच्या वेळी जीएसटी नंबरचा रकाना रिकामा राहिल्याने तो बिलावर आलेला नाही.
>
> दुसरी: बिलावर माझा सोलापूर, महाराष्ट्र असा पत्ता असूनही कर्नाटकचा सीजीएसटी २,१६० आणि एसजीएसटी २,१६० रुपये लावला आहे. आयजीएसटी कायद्याच्या कलम १२ नुसार पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र असल्याने आयजीएसटी ४,३२० रुपये लागायला हवा होता.
>
> आपला जानेवारीचा जीएसटीआर-१ भरला गेला असावा असं धरून विनंती करते, की:
>
> १. वरील बिलाविरुद्ध पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढावी.
> २. खालील तपशिलावर नव्या क्रमांकाचं बिल द्यावं: करपात्र रक्कम २४,०००, आयजीएसटी १८ टक्के ४,३२०, एकूण २८,३२०, पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र (२७).
> ३. नवं बिल फेब्रुवारीच्या जीएसटीआर-१ मध्ये माझ्या जीएसटी नंबरावर बी-टू-बी म्हणून दाखवावं. ई-इनव्हॉइस आपल्याला लागू असल्यास बिलावर आयआरएन आणि क्यूआर कोड असावा.
> ४. भरलेली रक्कम नव्या बिलापोटी वळती करावी. मला परतावा नको आहे आणि लायसन्स खंड न पडता चालू राहावं.
>
> जीएसटी नंबर: 27XXXPX0000X1Z5
> कायदेशीर नाव: (पॅनप्रमाणे पूर्ण नाव)
> व्यवसायाचं नाव: (नोंदणीप्रमाणे)
> पत्ता: (घर क्रमांक, सोसायटी), जुळे सोलापूर, सोलापूर, महाराष्ट्र
>
> क्रेडिट नोट आणि नवं बिल २८ फेब्रुवारीपर्यंत मिळालं तर ते मार्चमध्ये माझ्या २बी मध्ये दिसेल. यातलं काही आपल्या पद्धतीत बसत नसेल तर हिशेब विभागातल्या संबंधित व्यक्तीशी माझं बोलणं करून द्यावं.
>
> आपली,
> (नाव, मोबाइल नंबर)

नंबर दिला गेला नव्हता हे मेलमध्ये सरळ मान्य केलं आहे. ते लपवलं तर पहिलं उत्तर त्याच्यावरच येतं आणि एक आठवडा जातो. तारीखही मागितली आहे, पण कारणासकट. २८ फेब्रुवारीनंतर नवं बिल निघालं तर ते मार्चच्या रिटर्नमध्ये जाईल आणि २बी मध्ये एप्रिलमध्ये दिसेल. कारण कळलं की हिशेबातला माणूस ती तारीख पाळण्याचा प्रयत्न करतो.

मेल पाठवला त्याच दिवशी सॉफ्टवेअरच्या खात्यात बिलिंगच्या पानावर जीएसटी नंबर आणि राज्य भरून टाका. याने जुनं बिल बदलत नाही, पण पुढचं नूतनीकरण बरोबर होतं. हे राहून गेलं तर नवं बिलसुद्धा जुन्याच माहितीवर निघू शकतं.

नवं बिल आल्यावर

बिलाचा क्रमांक जुनाच असेल तर तिथेच थांबा आणि परत लिहा. क्रेडिट नोट सोबत नसेल तरीही. आयजीएसटी एका ओळीत ४,३२० दिसायला हवा आणि पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र हे शब्द छापलेले हवेत.

पीडीएफच तेवढी रंगवलेली आहे का, हे ओळखायची एक चांगली खूण म्हणजे आयआरएन. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या विक्रेत्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत ग्राहकांची बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवून ६४ अक्षरी आयआरएन घ्यावा लागतो. किरकोळ ग्राहकाच्या बिलाला तो लागत नाही, म्हणून जुन्या बिलावर नव्हता. मोठ्या कंपनीने जीएसटी नंबर टाकून बिल पाठवलं आणि त्यावर आयआरएन व क्यूआर कोड नसेल, तर ते सिस्टीममधून निघालेलं खरं बी-टू-बी बिल नाही असं समजा. लहान कंपनीला हे लागू नसेल, तेव्हा ही खूण तिथे उपयोगाची नाही.

शेवटची तपासणी २बी मध्ये. फेब्रुवारीचा २बी १४ मार्चला तयार होतो. तिमाही रिटर्न निवडला असेल तर तो तिमाही संपल्यावर, म्हणजे १४ एप्रिलला येईल. तिथे नव्या बिलाचा क्रमांक, २४,००० ची रक्कम, ४,३२० चा आयजीएसटी आणि क्रेडिट उपलब्ध असल्याची नोंद बघा. कधीकधी बिल दिसतं, पण क्रेडिट उपलब्ध नाही असं लिहिलेलं असतं, आणि कारण दिलेलं असतं की पुरवठ्याचं ठिकाण व विक्रेत्याचं राज्य एकच, घेणाऱ्याचं राज्य मात्र वेगळं. हे दिसलं तर कंपनीने जीएसटी नंबर जोडला, पण ठिकाण कर्नाटकच ठेवलं. अर्धीच दुरुस्ती झाली. त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून परत मेल करा. इथे वाद घालावा लागत नाही, पोर्टलवरची ओळच पुरते.

नवं बिल २बी मध्ये येईपर्यंत ते क्रेडिट स्वतःच्या जीएसटीआर-३बी रिटर्नमध्ये घेऊ नका. चुकीने घेतलेलं क्रेडिट वापरलं गेलं तर त्यावर १८ टक्के दराने व्याज लागतं.

कंपनी नाही म्हणाली तर

‘आम्ही जुनी बिलं बदलत नाही’ असं उत्तर आलं, तर मेल सपोर्टवाल्याने वाचला आहे असं समजावं. जुनं बिल बदलायचं नाहीच, त्याविरुद्ध क्रेडिट नोट हवी आहे, हे दोन ओळींत लिहून तोच मेल हिशेब विभागाकडे पाठवायला सांगा. खरेदी नुकतीच झाली असेल आणि कंपनीचं परताव्याचं धोरण परवानगी देत असेल, तर पूर्ण परतावा घेऊन नंबर भरून नव्याने खरेदी करणं जास्त सुटसुटीत. त्याआधी लायसन्समधल्या फाइल्स मात्र उतरवून घ्या.

वेळेची हद्द लक्षात असू द्या. २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या पुरवठ्याची क्रेडिट नोट कंपनी आपल्या रिटर्नमध्ये ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच दाखवू शकते, आणि तिचा वार्षिक रिटर्न त्याआधी भरला गेला तर तोपर्यंतच. पाठपुरावा दिवाळीनंतर करू म्हणून ठेवला तर हातात फार दिवस उरत नाहीत.

कंपनीने शेवटपर्यंत दाद दिली नाही, तर त्या ४,३२० रुपयांचं क्रेडिट सोडून द्यावं लागतं. ते हिशेबात लायसन्सच्या किमतीत मिळवा, म्हणजे प्राप्तिकरासाठी खर्च पूर्ण २८,३२० धरला जाईल. क्रेडिट मिळालं असेल तर खर्च २४,००० च धरायचा, दोन्हीकडे फायदा घेता येत नाही. महिन्याला ५०० रुपयांच्या प्लॅनसाठी मात्र मी एवढा खटाटोप सुचवणार नाही. त्यावरचा कर ९० रुपये, आणि खात्यात नंबर भरला की पुढच्या महिन्यापासून बिल बरोबर येतं.

बिल परदेशातल्या कंपनीकडून आलं असेल तर हा मेल जसाच्या तसा पाठवू नका. तिथे तुम्ही जीएसटी नंबर दिलात की कंपनी कर लावत नाही, तो रिव्हर्स चार्जने तुम्हालाच रोखीने भरावा लागतो आणि मग क्रेडिट मिळतं. आणि बिलावर जीएसटी नंबर आहे, पण दुसऱ्याच कुणाचा किंवा चुकलेला आहे, असं असेल तर प्रकरण हलकं असतं. बी-टू-बी नोंद रिटर्नमध्ये आधीच आहे, कंपनीला पुढच्या जीएसटीआर-१ मधल्या दुरुस्तीच्या तक्त्यात नंबर बदलता येतो. त्या मेलमध्ये क्रेडिट नोटेऐवजी ही दुरुस्ती मागा, आणि ती कोणत्या महिन्याच्या रिटर्नमध्ये केली ते लेखी कळवायला सांगा, म्हणजे आपल्या २बी मध्ये ती कधी शोधायची ते ठरवता येतं.